नमुन्यांची फाईल राहू द्या, एक नोटीस लिहायला द्या

लॉ फर्ममध्ये ज्युनिअरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं की पत्रात एक ओळ हमखास असते: ‘येताना ड्राफ्टिंगचे दोनतीन नमुने घेऊन यावे.’ मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि ही ओळ पत्रातून काढून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्या नमुन्यांवरून उमेदवाराबद्दल फारसं कळत नाही, आणि जे कळतं त्यासाठी तिसऱ्याच कुणाची तरी किंमत मोजावी लागते.

आधी कळण्याचं बघू. विद्यार्थ्याकडे नमुने कुठून येतात? एक तर मूट कोर्टचं, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याचं, मेमोरियल असतं, जे तिघांनी मिळून लिहिलेलं असतं आणि गेल्या वर्षीच्या मेमोरियलवरून उभं केलेलं असतं. नाहीतर इंटर्नशिपमध्ये केलेला दाव्याचा किंवा जबाबाचा मसुदा असतो. त्यावर ज्युनिअरचा हात फिरलेला असतो, मग सीनियरचा, आणि मुळात तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या मसुद्यात नावं बदलून सुरू झालेला असतो. त्यातलं कुठलं वाक्य समोर बसलेल्या मुलीचं आहे, हे तिला विचारलं तर तिलाही प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. चांगला नमुना हा बऱ्याचदा चांगल्या सीनियरचा पुरावा असतो.

किमतीचा मुद्दा याहून गंभीर आहे. इंटर्नशिपमधला खरा मसुदा म्हणजे कुणातरी अशिलाचा कागद. ‘नावं खोडली आहेत’ असं उमेदवार सांगतात, आणि खरंच काळ्या मार्करने नावं खोडलेली असतात. पण भागीदारी मोडल्याची तारीख, जमिनीचा गट नंबर, सौद्याची रक्कम, नोकरीवरून काढलेल्या माणसाचा हुद्दा, हे सगळं तसंच असतं. त्याच क्षेत्रातल्या वकिलाला दुसऱ्या पानावर पक्षकार कोण ते कळतं. वकिलाला व्यवसायाच्या कामात जे सांगितलं गेलं आणि जे दस्तऐवज त्याच्या नजरेखालून गेले, ते अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. आधी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 126 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे, आणि ते वकिलाच्या कारकुनांना आणि नोकरांनाही लागू आहे. इंटर्न त्यात मोडतो का, यावर दोन वकील वाद घालू शकतील. दावा कोर्टात दाखल झाला असेल तर त्यातलं गुपित ते काय उरलं, असंही कुणी म्हणेल. पण दाखल न झालेल्या मसुद्याला, सल्ल्याच्या टिपणाला, वाटाघाटीतल्या कराराला ही पळवाट नाही. दुसऱ्याच्या अशिलाचे कागद सहज टेबलावर ठेवणारा उद्या आपल्या अशिलाचेही ठेवेल, हे आपल्याला कळतं, आणि तरी तसं करायला आपणच त्याला पत्र पाठवून सांगतो. यात उमेदवारापेक्षा फर्मचा दोष मोठा आहे.

मग मसुदा लिहिता येतो की नाही हे तपासायचं कसं? समोर बसवून. पाऊण तास द्यावा, एका पानाची हकीकत द्यावी आणि एक नोटीस लिहायला सांगावी. यासाठी मला चेक न वटल्याची नोटीस सगळ्यात सोयीची वाटते, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 138 खालची. ‘ती तर ऑफिसातला क्लार्कही लिहितो’ असा आक्षेप लगेच येतो. लिहितो खरा, पण पुढे कोर्टात ती टिकतेच असं नाही, आणि म्हणूनच ती परीक्षेला चांगली आहे. ती दिसायला सोपी असते आणि तिच्यातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक आकडा कायद्याने बांधलेला असतो.

समजा हकीकत अशी दिली. अशिलाने एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला माल दिला, बिलांची एकूण थकबाकी 5,20,000 रुपये. कंपनीने 4,50,000 रुपयांचा चेक दिला, त्यावर संचालकाची सही. अशिलाने तो आपल्या खात्यात भरला आणि पुरेशी शिल्लक नाही म्हणून तो परत आला. बँकेच्या रिटर्न मेमोवर तारीख 7 मार्च आहे, पण अशील म्हणतो की मेमो त्याच्या हातात 10 मार्चला पडला. आणि पानाच्या तळाशी अशिलाचा निरोप: ‘सगळे पैसे व्याजासकट मागा. संचालकाच्या नावाने नोटीस काढा. सात दिवसांत दिले नाहीत तर केस टाकतो म्हणावं.’

हा निरोप मुद्दाम दिलेला असतो. अशील असंच बोलतात, आणि ज्युनिअरचं पहिलं काम त्या बोलण्याला कायद्याच्या चौकटीत बसवणं हे असतं. ‘सगळे पैसे मागा’ हे जसंच्या तसं उतरवून जो 5,20,000 अधिक व्याज अशी एकच ठोक मागणी करतो, त्याची नोटीस तिथेच अडचणीत येते. कायद्याला हवी असते ती चेकच्या रकमेची मागणी. सुमन सेठी खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटिशीत व्याज, खर्च असं आणखी काही मागितलं तरी चालेल, पण चेकची रक्कम वेगळी, स्पष्ट मागितलेली दिसली पाहिजे. सगळ्याचं मिळून एकच गाठोडं मागितलं तर नोटीस सदोष ठरू शकते. 2025 मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात न्यायालय आणखी कडक झालं. तिथे चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी लिहिले गेले होते. टायपिंगची चूक होती, हा खुलासा मान्य झाला नाही. जुन्या नोटिशीवर नवी नोटीस चढवून काम भागवणाऱ्या प्रत्येक ऑफिसने हा निकाल भिंतीवर लावावा.

‘संचालकाच्या नावाने काढा’ याचंही तसंच. चेक कंपनीच्या खात्यावरचा आहे, म्हणजे चेक देणारी कंपनी आहे. अनिता हाडा खटल्यात 2012 साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की कंपनीला आरोपी केल्याशिवाय त्याच कायद्याच्या कलम 141 खाली नुसत्या संचालकावर खटला चालत नाही. तेव्हा नोटीस कंपनीला जायलाच हवी, आणि सोबत संचालकालाही द्यावी. सात दिवसांचं म्हणाल तर, अशिलाने सात लिहायला सांगितले म्हणून नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला कायद्याने दिलेले पंधरा दिवस कमी होत नाहीत. घाई करून आठव्या दिवशी तक्रार दाखल केली तर ती मुदतीआधीची म्हणून जाते. योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात 2014 मध्ये हे ठरलं आहे. ज्याला खटल्याचं नाव आठवलं नाही पण ज्याने सरळ पंधरा दिवस लिहिले, त्याला मी पूर्ण गुण देतो. नाव शोधता येतं.

आता तारखा. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि या तीस दिवसांना उशीर माफ करण्याची तरतूद नाही. माहिती 10 मार्चला मिळाली असं धरलं तर तो दिवस वगळून तीस दिवस 9 एप्रिलला संपतात. पण मेमोवर 7 मार्च छापलेलं आहे. उद्या समोरचा वकील उलटतपासात विचारेल की मेमो 10 तारखेलाच मिळाला याचा पुरावा काय, आणि अशिलाकडे बँकेचं पाकीट नसेल, मेसेजही नसेल. म्हणून शहाणा ज्युनिअर समासात लिहितो: कायद्याने 9 एप्रिल, पण 7 मार्चपासून मोजून 6 एप्रिलच्या आत पाठवणं सुरक्षित. या एका ओळीसाठी मी बाकीच्या नोटिशीतले दोन दोष पोटात घालायला तयार असतो. कारण ती ओळ लिहिणाऱ्याने कागद वाचताना पुढची उलटतपासणी ऐकलेली असते.

वेळ उरला तर पुढची तारीखही काढायला सांगावी. नोटीस 5 एप्रिलला पोचली असं धरा. पंधरा दिवस 20 एप्रिलला संपले, वादकारण 21 एप्रिलला निर्माण झालं. तक्रारीला तिथून एक महिना. 21 एप्रिल मोजायचा की वगळायचा? यावर 1999 साली सर्वोच्च न्यायालयाचेच दोन वेगळ्या सुरांचे निकाल होते, आणि 2013 मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायाधीशांनी पहिला दिवस वगळायचा यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे शेवटचा दिवस 21 मे. तक्रारदाराकडून असाल तर 20 तारीख धरून चालण्यात काहीच बिघडत नाही. पण आरोपीकडून असाल आणि 21 मेला दाखल झालेली तक्रार मुदतबाह्य आहे असा अर्ज ठोकलात, तर पहिल्याच तारखेला हसं होईल. तक्रारीला उशीर झालाच, तर पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीला ती सोय नाही. हा फरक माहीत असलेले उमेदवार कमी भेटतात, आणि हा फरक माहीत नसल्याचा फटका अशिलाला बसतो, वकिलाला नाही.

कायदेशीर संशोधनाचा प्रश्न विचारायची पद्धतही मला पटत नाही. ‘अमुक मुद्द्यावरचा लीडिंग केस सांगा’ असं तोंडी विचारतात. हा पाठांतराचा प्रश्न आहे. त्यापेक्षा कॉम्प्युटर समोर ठेवावा, इंटरनेट चालू ठेवावं, अर्धा तास द्यावा आणि असा प्रश्न द्यावा ज्याचं उत्तर मधल्या काळात बदललेलं आहे. वरच्याच हकीकतीत म्हणा: कंपनीची बँक एका जिल्ह्यात, आपल्या अशिलाचं खातं दुसऱ्या जिल्ह्यात, तक्रार कुठे दाखल करायची?

शोधयंत्रात हा प्रश्न टाकला की दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1 ऑगस्ट 2014 चा निकाल अगदी वर येतो. तीन न्यायाधीशांचं पीठ, भरघोस विवेचन, आणि निःसंदिग्ध उत्तर: ज्या बँकेने चेक नाकारला ती जिथे असेल तिथल्याच कोर्टात. याआधी 1999 च्या भास्करन निकालाने पाच ठिकाणं दिली होती, चेक दिला तिथपासून नोटीस देऊन पैसे न मिळाले तिथपर्यंत, आणि तक्रारदार त्यातलं सोयीचं निवडत. राठोडने ते बंद केलं. अर्धे उमेदवार इथे थांबतात आणि तीन न्यायाधीशांचा आधार मिळाल्याच्या समाधानात ‘कंपनीच्या बँकेच्या जिल्ह्यात’ असं लिहून मोकळे होतात.

ते उत्तर चूक आहे. जून 2015 मध्ये अध्यादेश आला, मग त्याच वर्षी दुरुस्ती कायदा झाला, आणि कलम 142 ला दुसरं उपकलम जोडलं गेलं. चेक खात्यामार्फत वसुलीसाठी भरला असेल तर घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. म्हणजे आपल्या अशिलाचा जिल्हा. निकालाच्या पानावर मात्र ‘हा आता या मुद्द्यावर लागू नाही’ अशी लाल पाटी लागलेली असेलच असं नाही. निकाल दुसऱ्या निकालाने उलटला तर ते डेटाबेस दाखवतात; कायदेमंडळाने खालची जमीनच सरकवली तर ते वाचणाऱ्याला स्वतः शोधावं लागतं. म्हणून कुठलाही शोध कायद्याच्या आजच्या मजकुरापासून सुरू करायचा, निकालांकडे नंतर वळायचं. उमेदवाराने पहिल्यांदा काय उघडलं, हे मी त्याच्या उत्तराइतकंच बारकाईने बघतो. आणि ज्याने उत्तर लिहिण्याआधी विचारलं, ‘चेक खात्यातच भरला होता ना, बँकेच्या काउंटरवर रोख मागितली नव्हती ना?’, त्याने उपकलमाचा दुसरा भागही वाचला आहे हे लगेच कळतं, कारण काउंटरवर दिलेल्या चेकसाठी उत्तर पुन्हा कंपनीच्या बँकेच्या शाखेकडे जातं.

यात पैशाचा प्रश्नही थोडा सुटतो. मोठ्या कॉलेजांत महागडे डेटाबेस असतात, लहान कॉलेजांत नसतात. पण कायद्याचा अद्ययावत मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, सर्वोच्च न्यायालयाचे रिपोर्ट झालेले निकाल 2023 पासून ई-एससीआरवर कुणालाही फुकट वाचता येतात. या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यावर मिळतं. कुठला डेटाबेस वापरता येतो असं विचारलं की आपण नकळत कॉलेजची फी विचारत असतो.

भाषेचंही तेच. मुलाखत इंग्रजीत चालते आणि अडखळत इंग्रजी बोलणारा मुलगा दहा मिनिटांत बाद होतो, मग त्याची नोटीस कुणी वाचतच नाही. कलम 138 ला लेखी नोटीस हवी; ती अमुक भाषेत हवी असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीतून काम चालतं. मग ज्याला मराठीत नोटीस लिहायची असेल त्याला लिहू द्यावी. उच्च न्यायालयाचं काम करायचं तर इंग्रजी लागेलच, पण ते दोन वर्षांत येतं. अशिलाचा निरोप आणि कायद्याची अट यांतला फरक न दिसणाऱ्याला तो दोन वर्षांत दिसायला लागेल, याची खात्री मी देऊ शकत नाही.

राहता राहिला ‘तुम्ही अभ्यासलेला एखादा निकाल’. याचं उत्तर दहातल्या सातांकडून केशवानंद भारती असं येतं, निदान माझा तरी असा समज झाला आहे. निकाल थोर आहे यात शंका नाही. पण तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, आणि सबंध निकालपत्र किती जणांनी वाचलंय, विचारणाऱ्यांसकट, हे न विचारलेलंच बरं. त्यावर उमेदवार वर्गातल्या नोट्स बोलतो आणि आपण माना डोलावतो. त्याऐवजी दोन दिवस आधी कळवावं: तीसेक पानांच्या आतला कुठलाही एक निकाल निवडा, छापून आणा, हेडनोट वगळून वाचा. हेडनोट हा निकालाचा भाग नसतो. ती संपादकाची असते, आणि कधी कधी चुकीचीही असते.

मग प्रश्न सरळ ठेवावेत. कोर्टात कोण आलं होतं आणि त्याचं काय अडलं होतं? हरलेल्या बाजूचं म्हणणं तिच्या वकिलाने मांडलं असतं तसं मांडा. निकाल ज्या एका कारणावर उभा आहे ते कुठल्या परिच्छेदात आहे, बोट ठेवा. ते कारण काढलं तर निकाल पडतो का? समजा उमेदवाराने राठोडच आणला. त्याने सांगायला हवं की न्यायालयाच्या मते गुन्हा चेक न वटण्याच्या क्षणी पूर्ण होतो, आणि नोटीस, पंधरा दिवस वगैरे त्या कलमाच्या परंतुकातल्या गोष्टी म्हणजे खटला चालवण्याच्या अटी आहेत, गुन्ह्याचे घटक नाहीत. म्हणून जागा एकच, नाकारणाऱ्या बँकेची. मग मी विचारतो: 2015 च्या दुरुस्तीने जागा बदलली, गुन्हा केव्हा पूर्ण होतो हे विवेचनही तिने बदललं का? याला तयार उत्तर नाही. कुणी म्हणेल दुरुस्ती फक्त अधिकारक्षेत्रापुरती आहे, बाकीचं तर्कशास्त्र जिवंत आहे. कुणी म्हणेल ज्या निष्कर्षासाठी ते विवेचन केलं तो निष्कर्षच गेल्यावर त्याला आधार म्हणून किती वापरायचं याचा विचार करावा लागेल. दोन्ही चालतील. मला बघायचं असतं की मी जरा जोर लावून विरोध केल्यावर तो निकालाच्या पानांकडे वळतो की माझ्या चेहऱ्याकडे.

हरलेल्या बाजूचा प्रश्न मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राठोडमध्ये हरले ते तक्रारदार, ज्यांनी भास्करनच्या भरवशावर आपल्या गावात केसेस टाकल्या होत्या. न्यायालयाने ज्या खटल्यांत पुराव्याचा टप्पा सुरू झाला होता तेवढे जागेवर ठेवले आणि बाकीच्या तक्रारी योग्य कोर्टात नेण्यासाठी परत करायला सांगितल्या. लहान व्यापाऱ्याने दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात जाऊन तारखा घ्यायच्या, याची अडचण काय होते, ते ज्याने विचारात घेतलंय त्याला 2015 ची दुरुस्ती इतक्या लगबगीने का आली हे वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंचा एक आक्षेप रास्त आहे: आमच्याकडे चेकची कामं येत नाहीत, आम्ही कंपन्यांचे करार करतो. तर करारातलं नुकसानभरपाईचं एक कलम द्या. सोबतच्या टर्म शीटमध्ये भरपाईची कमाल मर्यादा एक असू द्या, अशिलाच्या ईमेलमध्ये दुसरी, आणि विक्रेत्याचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं असू द्या. उमेदवार गुपचूप एक आकडा निवडतो की विसंगती लिहून विचारतो, एवढं तुम्हाला त्या पाऊण तासात दिसेल. अट एकच, हकीकत बनवलेली हवी. ‘टेस्ट’ म्हणून ऑफिसातल्या चालू प्रकरणाचा मसुदा पाचसहा उमेदवारांकडून फुकटात लिहून घ्यायचा आणि त्यातला बरा वापरायचा, असले प्रकार ऐकू येतात. तो फुकटचा धंदा झाला, आणि वर चालू अशिलाची हकीकत अनोळखी पाचसहा जणांना वाटल्यासारखंही झालं.

आणि नाकारलेल्या उमेदवाराला त्याचा कागद शेऱ्यांसह परत द्यावा. रकमेखाली रेघ, तारखेपाशी प्रश्नचिन्ह, एवढं पुरतं, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कुणाकडे तरी लागेल आणि खऱ्या अशिलाची नोटीस लिहायला बसेल, तेव्हा निदान चेकची रक्कम तरी वेगळी लिहील.